अर्ज गेला, पण रेझ्युमे जुना: नाशिकमधल्या एका दुरुस्तीचं प्रकरण

सोमवारी रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. "मामा, चुकीचा रेझ्युमे गेलाय. आता काय करू?" मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि ती जवळजवळ कुजबुजत बोलत होती, म्हणजे घरात अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "कशाला हात लावू नकोस. जे गेलंय ते उघडून बघ, त्याचे स्क्रीनशॉट काढ आणि मला पाठव. मग बोलू."

मी सातपूरच्या एका कारखान्यात चौदा वर्षं एचआरमध्ये होतो. त्यातली बरीच वर्षं भरतीचं काम केलं, त्यामुळे असा अर्ज पलीकडे बसलेल्या माणसाला कसा दिसतो हे मला ठाऊक आहे. भाची मेकॅनिकल इंजिनिअर, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाली होती, किमान तीन वर्षांचा अनुभव मागितला होता. तिने रविवारी, १३ जुलै २०२५ ला, रात्री मोबाइलवरूनच कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरला. मुदत शुक्रवारपर्यंत होती. सोमवारी कामावरून आल्यावर तिने पोर्टलवर सहज 'माझे अर्ज' उघडलं. तिथे जोडलेल्या फायलीचं नाव होतं `Resume_final_new (1).pdf`. तिने पाठवायची ठरवलेली फाइल `Resume_July25.pdf` होती.

आधी हे कसं झालं ते सांगतो, कारण असं फार जणांचं होतं. मोबाइलवर फाइल जोडताना जी यादी उघडते ती 'अलीकडच्या' फायलींची असते. शनिवारी तिच्या भावाला तिचा रेझ्युमे नमुना म्हणून हवा होता. तिने स्वतःच्याच एका जुन्या चॅटमधून दोन वर्षांपूर्वीची फाइल पुन्हा उतरवली आणि त्याला पाठवली. त्याच नावाची फाइल फोनमध्ये आधीच होती, म्हणून फोनने नव्या फायलीच्या नावापुढे `(1)` लावलं. मजकूर दोन वर्षं जुना, पण फाइल शनिवारची, त्यामुळे ती यादीत सगळ्यात वर. रविवारी रात्री घाईत पहिल्यावरच बोट गेलं. मोबाइलवर लांब नाव अर्धंच दिसतं, आणि `Resume_` एवढं दिसलं की माणूस पुढे जातो.

तिने दोन्ही फायली मला पाठवल्या. मी त्या लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडल्या. जुन्या फायलीत चार गोष्टी वेगळ्या होत्या.

सगळ्यात वर उद्दिष्टाच्या ओळीत दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे अर्ज केला होता, ते तसंच राहिलेलं. भाचीला सर्वात जास्त लाज याचीच वाटत होती. दुसरं, `Manager` ऐवजी `Manger` छापलं होतं. इंग्रजीत तोही खरा शब्द आहे, गोठ्यातली गव्हाण असा त्याचा अर्थ, त्यामुळे स्पेलिंग तपासणारी सोय बहुतेक वेळा त्याच्याखाली लाल रेघ ओढत नाही. तिसरं, मोबाइल नंबर जुना होता. ते सिम तिने गेल्या वर्षी बंद केलं होतं.

चौथ्या गोष्टीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. जुन्या फायलीत अनुभवाखाली लिहिलं होतं, "क्वालिटी इंजिनिअर, जानेवारी २०२१ पासून आजपर्यंत". नव्या फायलीत तेच दोन ओळींत होतं: ११ जानेवारी २०२१ ते १० जानेवारी २०२२ ग्रॅज्युएट अप्रेंटिस, आणि १७ जानेवारी २०२२ पासून क्वालिटी इंजिनिअर. कंपनी तीच, टेबलही तेच. पण पहिल्या वर्षी ती अप्रेंटिस होती. पदवीनंतर एक वर्षाच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेतून लागली होती आणि ते वर्ष संपल्यावर कंपनीने तिला नेमणूकपत्र दिलं.

मी विचारलं, "जुन्या फायलीत असं का लिहिलं होतंस?"

"मामा, तेव्हा सगळेच तसं लिहायचे. काम तर तेच करत होते ना मी."

तिचं खोटं नव्हतं. काम तेच होतं. सकाळी पहिल्या पीसची तपासणी, व्हर्निअर आणि हाइट गेजवर मापं, मग रिपोर्ट. पण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नाही. प्रॉव्हिडंट फंडाच्या कायद्यातही 'कर्मचारी' या व्याख्येतून या कायद्याखालचा अप्रेंटिस वगळलेला आहे. म्हणून त्या वर्षात तिचा पीएफ कापला गेला नाही. तिच्या यूएएन खात्यात सर्व्हिस हिस्टरी उघडली तर रुजू झाल्याची तारीख १७ जानेवारी २०२२ दिसते. उद्या नवी कंपनी पार्श्वभूमी तपासणी करील तेव्हा पहिल्यांदा हेच बघितलं जाणार. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि पीएफची नोंद, तिन्ही २०२२ म्हणतात. रेझ्युमे २०२१ म्हणतो. बरोबर एक वर्ष जास्त.

फॉर्ममध्येही गोंधळच झाला होता. पोर्टलवर फाइल टाकली की ते आतला मजकूर वाचून पुढचे रकाने आपोआप भरतं. तिच्या फॉर्ममध्ये एकूण अनुभव साडेचार वर्षं असा भरला गेला. तो तिला चुकीचा वाटला म्हणून तिने हाताने साडेतीन केला आणि पोर्टलच चुकतंय असं समजून पुढे गेली. खरं तर चूक झाल्याची खूण तिथेच मिळाली होती. आपण न लिहिलेली माहिती रकान्यात दिसली तर ती आपल्याच फायलीतून आलेली असते, आणि अशा वेळी थांबून जोडलेली फाइल उघडायची असते. मोबाइल नंबरही तसाच जुन्या फायलीतून आला होता. तो मात्र तिने वाचलाच नाही, कारण स्वतःचा नंबर कुणी वाचत नाही. पोर्टलने ओटीपी ईमेलवर पाठवला, त्यामुळे बंद नंबर तिथेही उघडा पडला नाही.

म्हणजे सोमवारी रात्री पलीकडच्या माणसासमोर जो अर्ज होता तो असा: फॉर्ममध्ये साडेतीन वर्षं, जोडलेल्या कागदात साडेचार, आणि दोन्हीकडे न लागणारा फोन नंबर. दुसऱ्या कंपनीचं नाव वाचून एचआरवाला फार तर भुवया उंचावेल. पण साडेतीन आणि साडेचार शेजारी शेजारी दिसले की त्याच्या डोक्यात प्रश्न येतो, यातलं खरं कुठलं? आणि ते विचारायला फोन करावा तर फोन लागत नाही.

भाचीने फोन करायच्या आधी तीन उपाय योजून ठेवले होते. दुसऱ्या ईमेलवरून नवा अर्ज करायचा. नाहीतर हा अर्ज मागे घेऊन पुन्हा भरायचा. नाहीतर माफीचा सविस्तर मेल लिहायचा, तो तिने अर्धा लिहिलाही होता.

दुसऱ्या ईमेलवरून अर्ज करण्याला मी ठाम नाही म्हटलं. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये उमेदवार ईमेल, मोबाइल, नाव अशा गोष्टींवरून ओळखला जातो. तेच नाव, तीच कंपनी, तेच कॉलेज दुसऱ्या ईमेलवरून आलं की बऱ्याचदा 'आधीच आलेला उमेदवार' अशी खूण लागते. सॉफ्टवेअरने नाही पकडलं तरी यादी चाळणाऱ्या माणसाच्या नजरेला पडतंच. मी स्वतः असे दोन अर्ज समोरासमोर ठेवून पाहिलेत. एकात अनुभव जास्त, एकात कमी, आणि सोबत एक ओळीचंही स्पष्टीकरण नाही. पाहणाऱ्याला त्यात दुरुस्ती दिसत नाही. या माणसाने दोन आकडे लावून पाहिले, असंच वाटतं.

अर्ज मागे घेणं कधी कधी योग्य ठरतं, पण ते बटण दाबण्याआधी त्याखालची सूचना वाचावी लागते. काही पोर्टलवर मागे घेतलेल्या जागेसाठी पुन्हा अर्ज करताच येत नाही. मी तिला ते बटण दाबायला सांगितलं, मात्र पुढचं 'होय' दाबायचं नाही आणि जी चौकट उघडेल तिचा फोटो पाठवायचा. चौकटीत स्वच्छ लिहिलं होतं की मागे घेतल्यावर याच जागेसाठी परत अर्ज स्वीकारला जाणार नाही. रात्रीच्या घाईत तिने तिथे 'होय' केलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि वाईट रीतीने मिटलं असतं.

मग तिने विचारलं, "प्रोफाइलमध्ये नवा रेझ्युमे टाकता येतोय. तो टाकला की झालं ना?"

इथे बहुतेकांची फसगत होते. पोर्टलवरचं आपलं प्रोफाइल आणि पाठवलेला अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी असतात. अर्ज पाठवला त्या क्षणी जी फाइल होती तिची प्रत त्या अर्जाला चिकटते. नंतर प्रोफाइलमध्ये फाइल बदलली तर ती पुढच्या अर्जांना लागू होते, आधीचा अर्ज बहुधा जसाच्या तसा राहतो. आपल्या पोर्टलवर काय होतं हे तर्क करून कळत नाही, करून बघावं लागतं. तिने प्रोफाइलमध्ये नवी फाइल टाकली, बाहेर पडली, पुन्हा आत गेली, 'माझे अर्ज' मधून त्या अर्जाच्या तपशिलात शिरली आणि तिथली जोडलेली फाइल डाउनलोड केली. उघडली तर वर तेच दुसऱ्या कंपनीचं नाव. फाइल बदललेली नव्हती. मोबाइल नंबर मात्र प्रोफाइलमध्ये बदलल्यावर अर्जाच्या तपशिलातही नवा दिसू लागला. एवढं काम त्या रात्री झालं आणि निदान फोन लागण्याची सोय झाली.

लिंक्डइनवरून 'ईझी अप्लाय' केलं असतं तर हा प्रयोग करायचंही कारण नव्हतं. तिथे पाठवलेला अर्ज बदलता येत नाही. ज्याने जाहिरात टाकली त्याला संदेश पाठवणं एवढंच हाती राहतं.

आता उरला मेल. कशासाठी लिहायचा आणि कशासाठी नाही, यावर आमचा बराच वेळ गेला.

माझं मत असं की दुरुस्ती कळवण्याची कसोटी एकच, ती माहिती पुढे कुठल्या कागदाशी ताडून बघितली जाणार आहे का. तारखा, हुद्दा, टक्केवारी, पदवीचं वर्ष, पगार, फोन नंबर, ईमेल यातलं काही चुकलं असेल तर लगेच कळवायचं, मग फरक एका आकड्याचा का असेना. `Manger` साठी मेल लिहायचा नाही. एचआरच्या माणसाने ते पाहिलंही नसेल, आणि मेलमध्ये सांगून आपणच त्याला ते शोधायला लावतो. दुसऱ्या काही कारणाने दुरुस्त प्रत जाणारच असेल तर ती चूक तिच्याबरोबर आपसूक दुरुस्त होते.

आकड्याच्या चुकीबाबत मी इतका आग्रही का, ते एका मुलामुळे. सिन्नरकडचा होता, आमच्याकडे डिप्लोमा ट्रेनी म्हणून निवडला गेला होता. रेझ्युमेत टक्केवारी ६८.२ लिहिलेली, मार्कशीटवर ६२.८. टाइप करताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती, बाकी काही नाही. अट साठ टक्क्यांची होती, म्हणजे खऱ्या गुणांवरही तो बसतच होता. त्याला ती चूक मुलाखतीच्या आधीच दिसली होती, पण "कशाला उगाच आठवण करून द्या" म्हणून तो गप्प राहिला. कागदपत्रं तपासताना ती निघाली तेव्हा त्याने आधीची नोकरी सोडलेली होती. फाइल वर गेली, त्याचं रुजू होणं तीन आठवडे लांबलं आणि तेवढे दिवस तो पगाराविना घरी बसला. रेझ्युमेच्या शेवटी 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' अशी ओळ आणि खाली त्याची सही होती. साहेबांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. ती सही होती म्हणूनच त्या दोन आकड्यांचा मामला इतका वाढला.

भाचीच्या रेझ्युमेतही ती ओळ होती.

मेल कुणाला पाठवायचा हाही प्रश्नच होता. अर्ज पोहोचल्याची जी पावती ईमेलने येते ती सहसा उत्तर न घेणाऱ्या पत्त्यावरून येते. तिला रिप्लाय करणारे बरेच असतात आणि तो रिप्लाय कुणीच वाचत नाही. आम्ही त्या मेलच्या अगदी तळाशी गेलो. तिथे अर्जासंबंधी अडचणींसाठी एक वेगळा पत्ता होता. लिंक्डइनवर त्याच जागेच्या जाहिरातीखाली टाकणाऱ्या व्यक्तीचं नाव होतं, ती भरती विभागातलीच होती. त्या प्लांटमध्ये भाचीच्या मैत्रिणीचा नवरा आहे, त्याच्याकडून फाइल थेट साहेबांच्या टेबलावर पोहोचवावी असं तिच्या मनात होतं. मी नको म्हटलं. अशा वाटेने गेलेली प्रत अर्जाच्या फायलीला लागत नाही. टेबलावर एक कागद आणि सिस्टीममध्ये दुसराच, असं होऊन बसतं. त्याच्याकडून फार तर भरती बघणाऱ्या माणसाचा ईमेल बरोबर आहे का एवढं विचारावं.

तिने लिहिलेला मेल बावीस ओळींचा होता. त्यात आईचं आजारपण होतं, नेट गेलं होतं ते होतं, आणि 'माफी' हा शब्द चारदा होता. आम्ही सगळं काढून टाकलं. मेल इंग्रजीत गेला, पण मजकूर असा होता:

विषय: जॉब कोड, तिचं पूर्ण नाव, दुरुस्त रेझ्युमे.

"नमस्कार. १३ जुलै रोजी क्वालिटी इंजिनिअर पदासाठी मी पोर्टलवर अर्ज केला आहे. त्यासोबत माझ्या रेझ्युमेची जुनी प्रत चुकून जोडली गेली. दुरुस्त प्रत सोबत जोडली आहे. दोन गोष्टी लक्षात आणून देते. जुन्या प्रतीत ११ जानेवारी २०२१ ते १० जानेवारी २०२२ हा माझा ग्रॅज्युएट अप्रेंटिसचा काळ नोकरीत धरला गेला आहे, माझी नियमित नोकरी १७ जानेवारी २०२२ पासून आहे. अर्जाच्या फॉर्ममध्ये भरलेला साडेतीन वर्षांचा अनुभव बरोबर आहे. जुन्या प्रतीतला मोबाइल नंबर बंद आहे, चालू नंबर खाली दिला आहे. ही प्रत माझ्या अर्जाला जोडावी ही विनंती. तसदीबद्दल क्षमस्व."

दुसऱ्या कंपनीचं नाव यात कुठेही नाही. भाचीला ते लपवल्यासारखं वाटत होतं. मी तिला समजावलं की 'जुनी प्रत' असं आपण म्हटलंच आहे आणि ती प्रत त्यांच्याकडे आहे, मग लपवलं काय? ज्या गोष्टीवर त्यांचा निर्णय अवलंबून आहे ती आपण स्वतः बोट दाखवून सांगितली.

अनुभव एक वर्षाने कमी करून सांगायला ती आधी कचरत होती. "मामा, साडेचार बघून घेणार असतील आणि साडेतीनला नाही घेतलं तर?" प्रश्न रास्त होता. जाहिरातीत किमान तीन वर्षं होती म्हणून इथे धोका नव्हता. किमान चार असती तर? तरीही मी हेच सांगितलं असतं, फक्त एक वाक्य जास्त लिहायला लावलं असतं, की अप्रेंटिसच्या वर्षातही त्याच विभागात काम केलं आहे, ते अनुभवात धरायचं की नाही हे आपण ठरवावं. काही कंपन्या ते वर्ष धरतात, काही धरत नाहीत, काही अर्धं धरतात. पण ठरवायचं त्यांनी, आणि खरी नोंद समोर ठेवून.

मेल पाठवण्याआधी मी दुरुस्त फाइल ब्राउझरमध्ये उघडली आणि चमकलोच. कागदावर सगळं बरोबर होतं, पण वर टॅबवर त्या दुसऱ्या कंपनीचं नाव दिसत होतं. नवी फाइल जुनीच उघडून, बदल करून, वेगळ्या नावाने साठवली होती. वर्डच्या फायलीला आतून एक 'टायटल' असतं, तिचा पीडीएफ केला की ते त्यातही जातं आणि बरेच ब्राउझर टॅबवर फायलीच्या नावाऐवजी तेच दाखवतात. फायलीचं नाव बदलून ते जात नाही. लॅपटॉपवरच्या वर्डमध्ये फाइल उघडून `File`, मग `Info` मध्ये गेलं की उजवीकडे `Title` दिसतं. तिथे तिचं नाव घातलं आणि पीडीएफ पुन्हा केला. दुरुस्ती म्हणून पाठवलेल्या प्रतीतच तीच चूक परत गेली असती तर दुसऱ्या मेलला तोंड राहिलं नसतं. म्हणून तो मेल तिने आधी मला पाठवला, मी माझ्या फोनवर आणि लॅपटॉपवर जोडलेली फाइल उघडून पाहिली, तारखा नेमणूकपत्राशी ताडल्या, आणि मगच हो म्हटलं.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. मेल मंगळवारी सकाळी पावणेदहाला गेला. सकाळी पाठवला की तो त्या दिवसाच्या कामात वर राहतो. फोन करायचा नाही, लिंक्डइनवर त्याच दिवशी वेगळा संदेश टाकायचा नाही, असं ठरलं. दोन कामाचे दिवस उत्तर आलं नाही तरच गुरुवारी सकाळी लिंक्डइनवर दोन ओळी, कारण शुक्रवारी मुदत संपत होती.

बुधवारी दुपारी उत्तर आलं, एका ओळीचं. दुरुस्त रेझ्युमे अर्जाला जोडला आहे, धन्यवाद. तिने लगेच पोर्टल उघडून पाहिलं. तिला तिच्या बाजूने जुनीच फाइल दिसत होती आणि ती पुन्हा घाबरली. पण एचआर आपल्या बाजूने जो कागद जोडतं तो उमेदवाराला दिसेलच असं नाही. उत्तराचा मेल हाच पुरावा. तो मी तिला पीडीएफ करून ठेवायला सांगितला.

पुढच्या आठवड्यात फोन आला, नव्या नंबरवर. शनिवारी मुलाखत. पहाटे नाशिकच्या द्वारका चौकातून गाडी पकडून ती चाकणला गेली. पिशवीत दुरुस्त रेझ्युमेच्या तीन प्रती, अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र, नेमणूकपत्र आणि तो बुधवारचा मेल छापून. मेल कशाला छापायचा म्हणून तिने आदल्या दिवशी कुरकुर केली होती.

आत गेली तर क्वालिटीच्या साहेबांसमोर जुनीच प्रत होती. सोमवारी सकाळी, तिचा मेल जायच्या आधी, एचआरने अर्जांचा एक गठ्ठा छापून विभागात पाठवला होता. सिस्टीममध्ये प्रत बदलली तरी छापलेला कागद कसा बदलणार? मेलचं उत्तर 'जोडलं' असं आलं म्हणजे सगळ्यांच्या हातात नवी प्रत आहे असं धरून चालायचं नाही, ते याचसाठी. ती बसायच्या आधीच म्हणाली, "सर, तुमच्यासमोर आहे ती जुनी प्रत आहे. दुरुस्त प्रत मी मंगळवारी एचआर मॅडमना पाठवली होती, ही घ्या." साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "फरक काय?" ती म्हणाली, "पहिलं वर्ष अप्रेंटिसचं होतं, जुन्या प्रतीत ते नोकरीत धरलं गेलं होतं." त्यांनी जुनी प्रत बाजूला सरकवली आणि थेट त्या अप्रेंटिसच्या वर्षावरच विचारायला लागले, गेज कॅलिब्रेशनचं वेळापत्रक कोण ठेवायचं, रिजेक्शन आलं की पहिली नोंद कुठे करायची. वीस मिनिटं तेवढ्यावरच गेली. ते वर्ष तिला पाठ होतं.

सरकारी भरतीत यातलं काहीच चालत नाही, हे इथे सांगून ठेवतो, कारण माझ्याकडे येणारी निम्मी मुलं दोन्हीकडे अर्ज करत असतात. तिथे मेल लिहून कुणी प्रत बदलत नाही. जाहिरातीत दुरुस्तीची मुदत दिली असेल तर त्याच खिडकीत, त्याच शुल्कात. स्टाफ सिलेक्शन कमिशन अशी मुदत देतं तेव्हा पहिल्या दुरुस्तीला २०० रुपये आणि दुसऱ्यांदा ५०० रुपये घेतं. ती मुदत गेली की फॉर्ममध्ये जे गेलं ते गेलं.

भाचीला ऑगस्टमध्ये ऑफर आली. त्यानंतर पार्श्वभूमी तपासणी करणाऱ्या एजन्सीचा फॉर्म आला. त्यात रुजू झाल्याची तारीख तिने १७ जानेवारी २०२२ भरली आणि अप्रेंटिसचा काळ वेगळ्या ओळीत टाकला. चार दिवसांनी एजन्सीच्या माणसाचा फोन आला. त्यांच्याकडे कंपनीकडून आलेल्या कागदांत दोन रेझ्युमे होते आणि तारखा जुळत नव्हत्या. तिने १५ जुलैचा मेल आणि बुधवारचं उत्तर त्याला पुढे पाठवलं. त्याने पीएफची नोंद दोन्ही तारखांशी लावून पाहिली, सतराच्या तारखेवर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला, तो पदवीच्या मार्कशीटबद्दल होता.